‘कामात होती’ : ग्रुपवर हळूहळू गप्प झालेल्या मैत्रिणीचं एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत दहावीपर्यंत एकत्र शिकलेल्या नऊ जणी. लग्नानंतर कोणी पुलगावात, कोणी धामणगाव रेल्वेत, एक नागपुरात, एक यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगावजवळच्या खेड्यात. चौघी-पाच जणी आर्वीच्या आसपासच राहिल्या. सगळ्या चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप बरीच वर्षं चालू आहे आणि त्यावर चालतं ते सगळीकडे चालतं तेच: वाढदिवस, लुगड्यांचे फोटो, सासूची गाऱ्हाणी, पोरांचे निकाल.

मी तालुक्याच्या गावी बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते पुलगाववालीकडून. बायका एकमेकींना गावाच्या नावानंच ओळखतात, म्हणून इथंही तसंच ठेवलं आहे. गावं मात्र बदललेली आहेत. लिहिण्याआधी ज्या तिघींचा यात जास्त संबंध आहे त्यांना मजकूर वाचायला दिला. त्यातली बाभुळगाववाली हिनं एक दुरुस्ती सुचवली, ती पुढे येईल.

गप्प होत जाणं

बाभुळगाववाली एका दिवसात गप्प झाली नाही. एप्रिलपर्यंत तिचे दोन-दोन मिनिटांचे आवाजी निरोप यायचे, त्यात मागून कोंबड्या ओरडायच्या आणि बाकीच्या त्यावरून चिडवायच्या. जूनमध्ये आवाज बंद झाला, लिहिणं उरलं. मग लिहिणंही जाऊन जोडलेले हात आणि अंगठा उरला. जुलैमध्ये फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. ऑगस्टमध्ये तिचाच वाढदिवस आला. आठ जणींनी केक पाठवले, जुने फोटो टाकले. तिनं दुसऱ्या दिवशी ‘धन्यवाद सर्वांना’ एवढंच टाकलं.

‘सर्वांना’ हा शब्द पुलगाववालीला खटकला. शाळेपासूनची मैत्रीण समारंभाच्या पत्रिकेसारखी बोलते याचा अर्थ काहीतरी आहे, असं तिला वाटलं. तिचा अंदाज बरोबर होता.

बाकीच्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागला, आणि त्यात कोणाचा निर्दयपणा नाही. नऊ जणींच्या ग्रुपमध्ये एक कमी बोलली तरी आवाज तेवढाच राहतो. दोघींच्याच गप्पा असत्या तर शांतता पहिल्याच आठवड्यात ऐकू आली असती.

बीसी

गप्प होण्याचं कारण ग्रुपमध्येच पडलेलं होतं, सगळ्यांसमोर. त्या वर्षी नऊ जणींनी भिशी, म्हणजे आमच्याकडची बीसी, सुरू केली होती. एप्रिलपासून दर महिन्याला प्रत्येकीचे हजार रुपये, म्हणजे नऊ हजारांचा गल्ला, चिठ्ठी निघेल तिला. डिसेंबरात संपायची. बाभुळगाववालीची चिठ्ठी दुसऱ्याच महिन्यात, मे मध्ये निघाली. ऐन पेरणीच्या तोंडावर नऊ हजार हातात आले म्हणून सगळ्यांनी तिला भाग्यवान म्हटलं. पैसे बियाण्यात आणि खतात गेले.

मग जूनच्या शेवटी पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली. त्याच सुमारास पोराचा यवतमाळला अकरावी सायन्सला प्रवेश झाला. एप्रिल, मे, जून हे तीन हप्ते तिनं भरले. जुलैपासून एकही भरता आला नाही. आपल्याकडे कापसा-सोयाबीनच्या घरात जुलै ते सप्टेंबर हा काळ सगळ्यात कोरडा असतो. पैसा सगळा मातीत गेलेला असतो आणि सोयाबीन निघेपर्यंत काही परत येत नाही. नोकरदाराच्या घरात हजार रुपये बाराही महिने हजारच असतात. शेतकऱ्याच्या घरात ऑगस्टमधले हजार आणि नोव्हेंबरमधले हजार यात फार फरक असतो. बीसीचा हप्ता ठरवताना हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण नऊपैकी सहा जणींच्या घरी पगार किंवा दुकान आहे.

हिशोब धामणगाववाली ठेवायची. ती दर महिन्याच्या दहा तारखेला ग्रुपवर यादी टाकायची: नऊ नावं आणि पैसे आले त्यांच्यापुढे हिरवी खूण. यादी टाकण्यामागे तिचा हेतू चांगलाच होता, हिशोब उघडा असावा एवढाच. पण जुलैत, ऑगस्टमध्ये एका नावापुढची जागा रिकामी होती. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. धामणगाववालीनं स्वतःच्या पिशवीतून हजार टाकून गल्ला पुरा केला आणि तेही सांगितलं नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही यादी. कोणी न बोलताही ग्रुप तिच्याशी बोलत होता. हप्ता न देता ‘हॅपी बर्थडे’ लिहिलं तर सगळ्यांच्या मनात ‘आधी पैसे दे’ येईल, अशी तिची खात्री झाली होती. शिवाय तिनं गल्ला आधीच उचललेला. उचलण्याआधी हप्ता थकला तर माणूस सरळ सांगतो, ‘मले या बारीले बाद करा’. उचलल्यावर थकला की तोंड उघडणं अवघड होतं.

राखीच्या दिवशीची थट्टा

राखीच्या दिवशी नागपूरवालीनं ग्रुपवर तिचं नाव टॅग करून लिहिलं, ‘काय वं, जिवंत हायेस का? का आम्हाले विसरली?’ पुढे हसरे चेहरे. पाठोपाठ चौघींनी हसणारी स्टिकरं लावली.

रात्री उत्तर आलं: ‘कामात होती’ आणि जोडलेले हात. त्यानंतर तिचं ग्रुप उघडणंही बंद झालं.

नागपूरवालीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपल्या विदर्भात प्रेम थट्टेतूनच बाहेर पडतं. समोरासमोर असत्या तर हेच वाक्य चाललं असतं, कारण बोलताबोलता तिनं मैत्रिणीचा उतरलेला चेहरा पाहिला असता आणि लगेच सूर बदलला असता. फोनवर चेहरा दिसत नाही, आणि आठ जणी बघत असतात. एवढ्या जणींसमोर ‘कुठं होतीस’ विचारलं की उत्तराला दोनच वाटा राहतात: सगळं सांगून टाकणं किंवा खोटं बोलणं. तिनं छोटंसं खोटं सांगितलं. आता परत बोलायला यायचं तर ते खोटंही सांभाळायचं.

टॅग करण्यानं आणखी एक झालं. तिनं ग्रुप म्यूट करून ठेवला होता. म्यूट केलेल्या, अगदी आर्काइव्हमध्ये टाकलेल्या ग्रुपमध्येही आपलं नाव टॅग झालं की फोन वाजतो. म्हणजे तिनं स्वतःसाठी करून घेतलेली शांत जागा मोडली. गप्प झालेल्या माणसाचं नाव ग्रुपवर टॅग करू नये असं मी सगळ्यांनाच सांगते, आणि बहुतेकांना हा नियम फारच बारीक वाटतो.

पहिला मसुदा

पुलगाववाली माझ्याकडे आली ती फोनमध्ये लिहून ठेवलेला निरोप घेऊन. पाठवला नव्हता. निरोप असा: ‘तू हल्ली ग्रुपवर काहीच बोलत नाई. काही झालं काय? आमचं काही चुकलं काय? बीसीचं टेन्शन नको घेऊ, कोणी काही मनत नाई.’

मनापासून लिहिलेला होता, तरी त्यातलं प्रत्येक वाक्य तिच्या डोक्यावर काहीतरी ठेवत होतं. पहिलं वाक्य तिच्या गप्प बसण्याची नोंद घेतं, म्हणजे आम्ही मोजतोय हे सांगतं. दुसरं कारण मागतं. तिसऱ्यात तर तिनंच आपली समजूत काढायची आहे, ‘नाई वं, तुमचं काही नाई चुकलं’ म्हणून. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात घातक, कारण ‘कोणी काही मनत नाई’ याचा ऐकणाऱ्याच्या कानात अर्थ एकच होतो: सगळ्यांनी बोलून झालेलं आहे.

मी तिला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दवाखान्यात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नाकारलेले 843 जण त्यांनी निवडले. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, उरलेल्यांना काहीच नाही. पत्रात सल्ला नव्हता, प्रश्न नव्हता, ‘तपासणीला या’ असंही नव्हतं. तुम्ही इथून गेल्याला बरेच दिवस झाले, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आवडेल, एवढाच आशय. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं, पहिल्या दोन वर्षांत तर स्पष्टपणे कमी. 2001 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आमची मैत्रीण आजारी नव्हती आणि हा प्रयोग तिच्यावर जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातून घ्यायची गोष्ट एकच. निरोपानं समोरच्याकडे काही मागितलं नाही तरी तो पोचतो, आणि कोणाला परत उत्तर देण्याची ताकद नसताना असाच निरोप त्याला झेपतो.

यावर पुलगाववालीनं विचारलं, ‘मग शेवटी ‘रिप्लाय नाई दिला तरी चालते’ असं टाकू काय?’ मी नको म्हटलं. डॉक्टरच्या पत्रात ते सवलतीसारखं वाटतं. जिच्या उत्तरांची आधीच वाट पाहून झाली आहे अशा मैत्रिणीला ते टोमण्यासारखं लागू शकतं. उत्तर नको असेल तर तसं लिहिण्यापेक्षा वाक्य स्वतःच पुरं झालेलं असावं.

दुसरा प्रश्न निमित्ताचा. निमित्त खरं हवं. ‘तुझा नंबर चुकून लागला’, ‘तुझ्याकडून एक माहिती हवी होती’ असले बहाणे गावाकडे दोन दिवसांत उघडे पडतात. ते उघडे पडले की आपल्याला हाताळलं जातंय असं माणसाला वाटतं. म्हणून मी तिला विचारलं, तुम्हा दोघींमध्ये असं काय आहे जे बाकी सात जणींमध्ये नाही? तिनं पटकन सांगितलं: पाटवड्या. कॉलेजच्या दिवसांत बाभुळगाववालीनं तिला शिकवल्या होत्या आणि हिच्या आजतागायत फाटतात.

मग तिनं खरोखर पाटवड्या केल्या. त्या खरोखर फाटल्या. फोटो काढून तिनं ग्रुपवर न टाकता एकटीला पाठवला आणि खाली लिहिलं: ‘पाटवड्या केल्या आज. तुह्या हातची वडी कापली की सुरीले चिकटत नवती, माह्या पाहा कशा झाल्या. घरच्यांनी रश्शात बुडवून भाजी मनून खाल्ल्या.’

बस्स. प्रश्न नाही, ‘कशी आहेस’ नाही, बीसी नाही, ग्रुप नाही.

निळ्या खुणा

निरोपापुढे निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. पुलगाववाली खट्टू झाली. ‘वाचून बी बोलली नाई,’ ती मला म्हणाली.

बाभुळगाववालीची दुरुस्ती आहे ती इथं. माझ्या आधीच्या मजकुरात ‘तिनं वाचलं पण उत्तर दिलं नाही’ असं होतं. ती म्हणाली, ‘मी वाचलंच नवतं. पोट्ट्यानं वाचलं.’ पोरगा रोज एसटीनं यवतमाळला जायचा आणि तिचा फोन घेऊन जायचा, कारण क्लासच्या नोट्स त्यावरच यायच्या. दिवसभर व्हॉट्सअॅप तोच उघडायचा. तिच्या हातात फोन यायचा रात्री नऊनंतर, तोही अर्धा तास.

खेड्यातल्या बाईच्या फोनबद्दल हे लक्षात ठेवावंच लागतं. ग्रुपमधला आपलाच निरोप दाबून धरला आणि माहिती उघडली तर कोणाला पोचला, कोणी वाचला हे दिसतं. निळ्या खुणा बंद करून ठेवल्या तरी ग्रुपमध्ये हे दिसतंच. पण त्यातून एवढंच कळतं की तो फोन कोणीतरी उघडला. एकदा बघावं, फोन चालू आहे की रिचार्ज संपून बंद पडला आहे हे समजण्यापुरतं. रोज बघत बसलं तर आपल्याच मनात राग साठतो, आणि तो पुढच्या निरोपात उतरतो.

सामायिक फोनमुळे काय लिहायचं यालाही मर्यादा येते. घरात कोणीही मोठ्यानं वाचून दाखवलं तरी चालेल असाच निरोप हवा. आवाजी निरोप तर नकोच, तो स्वयंपाकघरात स्पीकरवर वाजतो. नागपूरवालीची थट्टा तिला अशीच पोचली होती. पोरानं घरी येऊन सासू-सासऱ्यांसमोर विचारलं, ‘आई, मावशी विचारून रायली तू जिवंत हायेस काय मनून.’ मग त्यानं वरची यादीही पाहिली. आईच्या नावापुढे खूण का नाही, हे विचारलं. त्या रात्री तिनं ग्रुप आर्काइव्ह केला आणि पोराला सांगितलं, तो उघडायचा नाही.

पाटवड्यांचा निरोपही पोरानंच आधी वाचला, आणि जेवताना सांगितला: ‘पुलगावच्या मावशीची पाटवडी फाटली.’ घरात सगळे हसले. पुलगाववालीला हे कळलं ते पुढे महिन्याभरानं. तोवर तिच्या लेखी उत्तर न आलेला एक निरोप एवढंच होतं.

ती दुसरा पाठवायला कचरत होती. अचानक आलेल्या अशा निरोपाचं समोरच्याला किती बरं वाटतं याचा अंदाज पाठवणारा कमीच करतो, आणि निरोप जितका अनपेक्षित तितकं ते वाटणं जास्त, असं संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं. मी तिला ते सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तरी महालक्ष्म्यांच्या दिवशी तिनं दुसरा निरोप पाठवला, नैवेद्याच्या ताटाचा फोटो आणि एक ओळ. मध्ये पंधरा-वीस दिवस गेले होते आणि ते अंतर मला योग्य वाटलं. दोन दिवसांत दुसरा गेला असता तर तो पाठपुरावा झाला असता.

यादी बंद

याच दरम्यान पुलगाववालीनं धामणगाववालीला एकटीला फोन केला. तिला कारणांची लांबण लावावी लागली नाही. हजार-हजार टाकणारी तीच असल्यामुळे तिला सगळं माहीतच होतं. दोघींनी ठरवलं की सप्टेंबरपासून ग्रुपवर यादी टाकायची नाही. पैसे धामणगाववालीच्या खात्यात यायचे, आणि ग्रुपवर फक्त ‘या महिन्याची बीसी अमकीला दिली’ एवढी ओळ. ग्रुपला सांगितलं, ‘यादी करत बसाले येळ नाई भेटत.’ ते अर्धसत्य होतं. मला ते चालतं, कारण बदल सगळ्यांसाठी सारखा होता. एकीपुरती सवलत जाहीर केली असती तर तीच पुन्हा यादी झाली असती.

आणि हे तिसरीला सांगायचं नाही, असंही दोघींनी ठरवलं. मदतीच्या हेतूनं सुरू झालेली चर्चा चौथ्या बाईपर्यंत गेली की ती चर्चा राहत नाही.

भेट

सप्टेंबरच्या मध्यात पुलगाववालीला यवतमाळला नणंदेकडे जायचं होतं. वाट बाभुळगाववरून. ‘इकडूनच जात होती’ हे आपल्याकडे पुरेसं कारण असतं, आणि इथं ते खरंही होतं. सोबत धामणगाववालीला नेऊ का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं एकटी जा. दोघी गेल्या की पंच आल्यासारखं वाटतं, त्यातून दुसरी बीसीचा हिशोब ठेवणारी.

न्यायचं काय, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिच्या मनात स्टीलच्या डब्यातून अनारसे न्यायचे होते. आपल्याकडे शेजारणीचा किंवा मैत्रिणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. पैशाच्या ओढीत असलेल्या घरात तो डबा म्हणजे आणखी एक देणं. म्हणून तिनं अनारसे कागदात बांधून नेले. जेवणाची वेळ टाळली, दुपारी तीनच्या सुमाराला पोचली, चहापुरतीच.

घरात सासू होती, त्यामुळे बोलणं हवापाण्यावर राहिलं. मग बाभुळगाववाली अंगणात अंबाडी निवडायला बसली आणि ही तिच्या शेजारी बसली. पाला तोडत, दोघींच्या नजरा टोपलीत. अवघड गोष्टी समोरासमोर डोळ्यांत बघून निघत नाहीत, हात कामात असले की निघतात. हे मी कामात सतत पाहते.

ग्रुपचा विषय पुलगाववालीनं काढला नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘झोप लागते काय वं?’

‘लागते. पण पहाटे तीनले जाग येते, मंग हिशोबच सुरू होते डोक्यात.’

इथं पुलगाववाली थांबली नाही, आणि ते बरं झालं. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं ही नैराश्याचीही खूण असू शकते, हे मी तिला आधी सांगितलं होतं. तिनं हलक्या आवाजात सरळ विचारलं, ‘जीव नकोसा तर नाई ना झाला तुले?’ बाभुळगाववालीनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पागल झाली काय? पोट्ट्याची बारावी व्हायची हाय अजून.’ मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, ‘बीसीचे पैसे सोयाबीन निंगालं का देतो मी.’

‘देजो,’ पुलगाववाली म्हणाली, ‘धामणगाववाली पाहून रायली तवरोक.’ आणि पुढची जुडी ओढली.

‘देजो’ या उत्तरावर मी नंतर बराच विचार केला. ‘राहू दे, नको देऊ’ म्हटलं असतं तर तिला भिकेसारखं वाटलं असतं. ‘कधी?’ विचारलं असतं तर वसुली झाली असती. ‘देजो’ मध्ये ती देणार आहे हे मान्य होतं आणि तारीख नव्हती.

जिथं ही पद्धत चालत नाही

न बोलता, न हटकता जवळ जाणं हे लाज, थकवा, पैशाची ओढ, कामाचा रेटा अशा कारणांच्या गप्पपणासाठी आहे. त्या दुपारी उत्तर वेगळं आलं असतं, उदाहरणार्थ ‘मी नसली तर बरं’, किंवा ती आपल्या वस्तू वाटून टाकत असती, पोरांची सोय कोणाकडे लावायची हे बोलत असती, तर हळुवारपणा बाजूला ठेवायचा होता. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि आपल्याकडे घरोघरी फवारणीचं औषध असतं. ते कुठं ठेवलं आहे ते विचारायचं आणि घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावायचं. तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. दुसरा अपवाद घरातल्या मारहाणीचा. तिथं तर सामायिक फोनवर काहीच लिहायचं नाही, प्रत्यक्षच भेटायचं, आणि महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तोंडी सांगायचा.

परत येणं

भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसल्या. आर्वीजवळच्या एकीनं ग्रुपवर विचारलं की तिच्या पोरींना एका गाण्याची पुढची ओळ आठवत नाही, कोणाला येते का. ठरवून विचारलेलं नव्हतं. रात्री साडेनऊला बाभुळगाववालीचा आवाजी निरोप आला, गाण्याचं अख्खं कडवं. जूननंतर पहिल्यांदा तिचा आवाज. भेटीनंतर कधीतरी तिनं ग्रुप आर्काइव्हमधून काढला होता, हे कोणाला माहीत नव्हतं.

अशा वेळी ‘आली रे आली’ म्हणून फटाके उडवायचा मोह आवरत नाही. नागपूरवालीबद्दल पुलगाववालीला तीच धास्ती होती, म्हणून तिनं तिला आधीच एक वाक्य सांगून ठेवलं होतं: ‘ती काही बोलली त नुसतं बोलजो, कुठं होती मनून विचारू नको.’ कारण सांगितलं नव्हतं, आणि नागपूरवालीनं विचारलंही नाही. तिनं पुढचं कडवं गाऊन पाठवलं, चुकीच्या चालीत. मग चाल कोणती खरी यावर दीड तास भांडण चाललं आणि त्यात बाभुळगाववालीचे सहा-सात निरोप होते.

ऑक्टोबरात सोयाबीन विकल्यावर तिनं दोन हजार दिले, नोव्हेंबरात दोन आणि कापसाचे पैसे आल्यावर डिसेंबरात उरलेले दोन. हे धामणगाववालीच्या वहीत आहे, ग्रुपवर कुठंच नाही.

ती आता पूर्वीएवढी बोलत नाही. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तेही रात्री नऊनंतर. बाकीच्या जणी तिच्यासाठीचा प्रश्न त्या सुमारालाच टाकतात, हे माझ्या नजरेला आलं. जानेवारीत नवी बीसी निघाली तेव्हा धामणगाववालीनं तिचा ग्रुप वेगळाच केला आणि जुन्या ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांले यायचं त्यांनी मले फोन करा.’ सहा जणींनी केला. उरलेल्या दोघींपैकी एक बाभुळगाववाली, दुसरी आर्वीजवळची एक, जिच्याही घरी शेतीच आहे. तिचेही मागच्या वर्षीचे दोन हप्ते उशिरा आले होते, फक्त दहा तारखेच्या आत, म्हणून यादीत कधी दिसले नव्हते. पुढच्या वर्षी हप्ता महिन्याचा न ठेवता दिवाळी ते संक्रांत या काळात एकदम घ्यावा का, यावर धामणगाववाली सध्या त्या दोघींशी बोलते आहे.